कृषी केंद्राला उधारीपेक्षा जास्त पैसे गेले: परत कसे मागायचे, पुरावा काय जोडायचा

प्रश्न: आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात. हंगामाची उधारी तालुक्याच्या कृषी केंद्रात होती. कापसाचा चुकारा आल्यावर ३ जानेवारीले मी दुकानात जाऊन मोबाइलवरून २० हजार टाकले. पोरगा पुण्याले राहते, त्याले माहीत नव्हतं. त्यानं दुसऱ्या दिवशी पूर्ण बाकी ३१ हजार बँकेतून पाठवली. आता दुकानदार म्हणते, "राहू द्या ना खात्यात, पुढच्या हंगामात वळते करू." मले पैसे वापस पाहिजेत. औषधाचे दोन डबे वापस केले होते त्याचे १,४०० बी धरले नाहीत. अर्ज कसा करायचा? पुरावा काय लागते?

उत्तर:

पैसे गेल्याचा पुरावा तुमच्याकडे आहेच. मोबाइलमध्येही आहे आणि बँकेतही. तरी अशा मागण्या अडतात, कारण ५१ हजार दिले हे माणूस चार कागदांनी सिद्ध करतो आणि देणे नेमके किती होते याचा एकही कागद जोडत नाही. मग दुकानदाराला एवढेच म्हणायचे असते की व्याज धरा, मागची बाकी धरा, हिशोब बरोबरच आहे. जास्त पैसे गेले हे सिद्ध करायचे तर देणे आणि दिलेले, दोन्ही आकडे कागदावर लागतात. त्यातही देण्याचा आकडा आधी पक्का करा.

त्यासाठी मुलाला पहिला प्रश्न विचारा: ३१ हजार हा आकडा तुला कुठून कळला? बहुतेक वेळा उत्तर असते की दुकानदाराला फोन केला आणि त्याने खातेवहीच्या पानाचा फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवला, किंवा "बाकी ३१,०००" असा मेसेज केला. असा मेसेज असेल तर तुमच्याकडचा सगळ्यात वजनदार कागद तोच. दुकानदाराने स्वतःच्या नंबरवरून, पैसे येण्याच्या आधी, स्वतः सांगितलेली ती बाकी आहे. पुढे व्याज किंवा जुनी उधारी काढायला त्यामुळे फारशी जागा राहत नाही. तो मेसेज फॉरवर्ड करून जपू नका, फॉरवर्डमध्ये मूळ तारीख-वेळ जाते. मुलाच्या फोनवर मूळ मेसेज तसाच ठेवा, आणि नंबर, तारीख, वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट काढून छापून घ्या.

मेसेज नसेल आणि बाकी तोंडीच सांगितली असेल, तर दुकानातून खातेउतारा मागा. मागताना "पैसे परत द्या" हा विषय काढू नका. "हंगामाचा पूर्ण उतारा द्या, घरी हिशोब लावायचा आहे," एवढेच म्हणा. संगणकावर हिशोब ठेवणारा दुकानदार दोन मिनिटांत छापून देतो. वहीवाला असेल तर पानाचा फोटो काढू द्या म्हणा, तारखा आणि जमा-नावे दोन्ही रकाने दिसतील असा. भांडण सुरू झाल्यावर हाच उतारा मिळायला महिना लागतो.

आता बिले. हंगामातली सगळी बिले तारखेप्रमाणे लावून उताऱ्याशी ताडून बघा. समजा तुमचा हिशोब असा आहे: जूनमध्ये बियाणे आणि डीएपी १५,३०८, जुलैत युरिया आणि तणनाशक ४,५८२, ऑगस्टमध्ये फवारणीची औषधे ९,८६०, सप्टेंबरमध्ये पुन्हा औषधे ६,२५०. चारही बिले मिळून ३६,०००. पोळ्याच्या आधी रोख दिले ५,०००. राहिले ३१,०००. मुलाने पाठवलेल्या रकमेशी हे तंतोतंत जुळते, आणि हे जुळणे महत्त्वाचे आहे. बिलांतून निघणारी बाकी, दुकानदाराने सांगितलेली बाकी आणि मुलाने भरलेली रक्कम तिन्ही एकच आहेत. म्हणजे आदल्या दिवशीचे २० हजार पूर्ण जास्तीचे.

एखादे बिल हरवले असेल तर घाबरू नका, दुकानात त्याची प्रत असते. पण कच्च्या चिठ्ठीवर माल घेतला असेल आणि पक्के बिलच नसेल, तर त्या रकमेसाठी उताऱ्यावरची नोंदच तुमचा आधार. म्हणूनही उतारा आधी.

पैसे दिल्याच्या बाजूला मोबाइलचा स्क्रीनशॉट पुरेसा धरू नका. तो कोणीही बनवू शकतो, हे दुकानदारालाही ठाऊक असते. तुमच्या आणि मुलाच्या, दोघांच्या बँकेतून १ ते १० जानेवारीचे स्टेटमेंट शाखेच्या शिक्क्यासह घ्या. पासबुकात त्या तारखांच्या नोंदी छापल्या असतील तर त्या पानाची झेरॉक्सही चालते. दोन्ही व्यवहारांचे क्रमांक लिहून काढा. यूपीआयचा क्रमांक १२ अंकी असतो, बँकेतून एनईएफटीने पाठवलेल्याचा यूटीआर सहसा १६ अक्षर-अंकांचा. दुकानदाराच्या बँकेत पैसे शोधायला हेच क्रमांक लागतात. तारीख आणि रक्कम एवढ्यावर हंगाम संपतानाच्या गर्दीत नोंद सापडत नाही.

इथे दोन गोष्टी नीट तपासा. एक, यूपीआयचा व्यवहार "यशस्वी" आहे की "प्रलंबित" किंवा "अयशस्वी"? खात्यातून पैसे कापले पण दुकानदाराला पोचले नाहीत, अशी भानगड असेल तर ते पैसे दुकानदाराकडे मागून उपयोग नाही, ते बँकेने परत करायचे असतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे दुकानदाराला केलेल्या अशा यूपीआय व्यवहारात व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत पैसे आपोआप परत यायला हवेत, त्यापुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाई. व्यवहार यशस्वी असेल तर मात्र बँक दुकानदाराच्या संमतीशिवाय पैसे मागे ओढू शकत नाही. अशा वेळी शाखेत चकरा मारू नका.

दोन, पैसे नेमके कोणाच्या नावावर गेले? गल्ल्यावर लावलेला क्यूआर पुष्कळदा दुकानाच्या नावाचा नसतो. मालकाच्या मुलाचा, बायकोचा, कधी नोकराचा असतो. तुमच्या व्यवहाराच्या तपशिलात जे नाव दिसते ते बघा. ते दुकानाचे नसेल तर "आमच्या खात्यात असे पैसे आलेच नाहीत" हे उत्तर येणार, आणि दुकानाच्या बँक खात्यापुरते ते खरेही असेल. दुकानात जाऊन गल्ल्यावरच्या त्या क्यूआरचा फोटो काढून ठेवा, आणि अर्जात "आपल्या दुकानातील काउंटरवर लावलेल्या क्यूआरवर, अमुक नावाने" असे लिहा.

आता रक्कम. मागणी २० हजारांचीच करा. औषधाच्या दोन डब्यांचे १,४०० त्यात मिसळू नका. माल परत घेतल्याची पावती तुमच्याकडे नाही, उताऱ्यातही त्याची नोंद नाही. म्हणजे ते येणे खरे असले तरी वादाचे आहे. २१,४०० मागितले तर दुकानदार १,४०० वर बोट ठेवेल आणि "हिशोबच चुकीचा आहे" म्हणून पूर्ण अर्ज बाजूला सारेल. निर्विवाद रक्कम एका कागदावर, वादाची दुसऱ्या. डब्यांसाठी वेगळी चिठ्ठी द्या, त्यात बिल नंबर, औषधाचे नाव, डब्यावरचा बॅच नंबर आणि परत केल्याची तारीख लिहा. बॅच नंबर पक्क्या बिलावर छापलेला असतो.

अर्ज कोणी करायचा, हाही प्रश्न तुमच्या बाबतीत आहे. तुमचे २० हजार आधी गेले, तेव्हा ३१ हजार देणे होते. म्हणजे ती रक्कम त्या दिवशी योग्यच होती आणि ११ हजार बाकी राहिले. मुलाने दुसऱ्या दिवशी ११ ऐवजी ३१ पाठवले. हिशोबाने बघितले तर चूक मुलाच्या व्यवहारात आहे. "पोराने टाकले, त्यालाच देईन, त्याला पाठवा," असे सांगून दुकानदार महिना काढू शकतो. म्हणून अर्जावर तुमची सही, आणि खाली मुलाची एका ओळीची संमती. तो पुण्याला असेल तर सही करून स्कॅन पाठवू द्या, मूळ प्रत टपालाने मागवून ठेवा.

अर्ज एका पानापेक्षा मोठा नको. असा लिहा:

> प्रति,
> मालक, (बिलावर छापलेले दुकानाचे पूर्ण नाव, पत्ता, जीएसटी क्रमांक)
>
> विषय: चुकून जादा जमा झालेले रु. २०,०००/- परत मिळणेबाबत.
>
> महोदय,
> आपल्या दुकानात माझे उधारी खाते आहे. खरीप हंगामातील बिल क्र. ___, ___, ___, ___ ची एकूण रक्कम रु. ३६,०००/- असून दि. __ ऑगस्ट रोजी रोख रु. ५,०००/- जमा केले आहेत. बाकी रु. ३१,०००/- राहिली. ही बाकी आपण दि. २ जानेवारी रोजी माझ्या मुलास व्हॉट्सअॅपवर कळवली आहे.
>
> त्यापोटी दि. ३ जानेवारी रोजी यूपीआयने रु. २०,०००/- (व्यवहार क्र. ___) आणि दि. ४ जानेवारी रोजी माझ्या मुलाच्या खात्यातून एनईएफटीने रु. ३१,०००/- (यूटीआर ___) असे एकूण रु. ५१,०००/- आपणास मिळाले. मी रक्कम भरल्याचे मुलास माहीत नसल्याने पूर्ण बाकी पुन्हा भरली गेली. त्यामुळे रु. २०,०००/- जादा जमा झाले आहेत.
>
> सदर रक्कम हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत खालील बँक खात्यात परत करावी: खातेदाराचे नाव, बँक, शाखा, खाते क्र., आयएफएससी.
>
> ही रक्कम पुढील हंगामाच्या खरेदीत किंवा इतर कोणाच्याही खात्यात वळती करण्यास माझी संमती नाही.
>
> सोबत: बिलांच्या प्रती, खातेउतारा, व्हॉट्सअॅप मेसेजची छापील प्रत, दोन्ही बँक स्टेटमेंट.
>
> (सही, तारीख)
>
> संमती: दि. ४ जानेवारी रोजी पाठवलेल्या रकमेतील जादा रु. २०,०००/- माझ्या वडिलांच्या वरील खात्यात परत करण्यास माझी संमती आहे. (मुलाची सही)

व्हॉट्सअॅपचे वाक्य मेसेज असेल तरच ठेवा, नसेल तर "आपल्या खातेउताऱ्याप्रमाणे" असे लिहा. अर्जात फसवणूक, चोरी, पोलीस असले शब्द आणू नका. त्याने फसवले नाही, पैसे तुमच्याच चुकीने गेले आहेत; उगाच आरोप केला की उत्तर द्यायला त्यालाही वकील आठवतो.

दोन प्रती काढा. एक दुकानात द्या, दुसरीवर "मिळाली", तारीख, सही आणि दुकानाचा शिक्का घ्या. शिक्क्याला नाही म्हणाले तर वाद घालू नका, बाहेर पडा आणि तालुक्याच्या टपाल कार्यालयातून पाठवा. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले आहे, म्हणून आता खिडकीवर नोंदणीसह स्पीड पोस्ट आणि पोच हवी असे सांगा. पावती अर्जाच्या प्रतीला टाचून ठेवा.

पंधरा दिवसांत बहुतेक दुकानदार पैसे देतात, कारण तुम्ही पुढच्या मृगालाही गिऱ्हाईक असता. नाही दिले तर उत्तरे ठरलेली असतात. तुमच्या तालुक्यात कुठली ऐकायला मिळतील ते अंदाजाने सांगतो.

"उधारीवर व्याज लागते." आधी बिल बघा. व्याजाचा दर बिलावर छापला आहे का, किंवा तुम्ही कुठे सही केली आहे का? नसेल तर दर कोणता आणि कोणत्या तारखेपासून, हे लेखी मागा. कृषी केंद्रात रोखीचा भाव वेगळा आणि उधारीचा वेगळा असतो, हे गावात सगळ्यांना माहीत आहे. बिल उधारीच्या भावाने फाडले असेल तर व्याज त्यातच आले, पुन्हा कशाचे? खतात तर तेही चालत नाही. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीची छापील किंमत २६६ रुपये ५० पैसे. उधारीचे कारण सांगून त्यावर पैसे लावता येत नाहीत.

"तुमच्या भावाची बाकी होती, त्यात टाकले." हे सगळ्यात जास्त होते. सातबारा सामाईक असला तरी भावाने स्वतःच्या नावावर घेतलेली उधारी तुमची होत नाही. तुम्ही त्याच्यासाठी जामीन राहिला असाल किंवा एकच खाते दोघे चालवत असाल तर गोष्ट वेगळी. अर्जात "इतर कोणाच्याही खात्यात" हे शब्द त्यासाठीच घातले आहेत.

"तुमचीच मागच्या वर्षीची बाकी आहे." याला जपा. पैसे भरताना कोणत्या देण्यापोटी भरले हे तुम्ही सांगितले नसेल, तर करार कायद्याच्या कलम ६० प्रमाणे घेणारा ते तुमच्याच दुसऱ्या खऱ्या देण्यात जमा करू शकतो, ते देणे मुदतबाह्य असले तरी. म्हणून अर्ज देण्याआधी मनाशी प्रामाणिक राहून आठवा की मागचे काही खरेच राहिले आहे का. राहिले असेल तर ते वजा करूनच मागा. राहिले नसेल तर उताऱ्याची सुरुवातीची बाकी शून्य आहे हे त्याला दाखवा. मागच्या हंगामाचे देणे असते तर नव्या पानावर पहिल्याच ओळीत ओढलेले असते.

"जीएसटीत दाखवले, आता परत देता येत नाही." हे चूक आहे. तुमची बिले बरोबर आहेत, फक्त पैसे जास्त गेले. बिल बदलत नाही, कर बदलत नाही, क्रेडिट नोट लागत नाही. त्याच्या वहीत तुमच्या खात्यावर २० हजार जमा दिसतात, ते दिले की विषय मिटला. क्रेडिट नोट लागते ती बिलच जास्तीचे फाटले असेल, म्हणजे चार गोण्या नेऊन सहा लिहिल्या किंवा माल परत केला, तेव्हा. तुमच्या डब्यांच्या १,४०० साठी मात्र तीच मागायची. त्या क्रेडिट नोटने दुकानदाराला त्याचा कर कमी करून घ्यायचा तर आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत ती विवरणात दाखवावी लागते, म्हणून डब्यांची चिठ्ठीही लांबवू नका.

आणि "पुढच्या हंगामात वळते करू" याबद्दल. हे वाईटच असे नाही. पेरणीला तुम्हाला माल लागणारच आहे, आणि दुकानदाराने खरेच कंपनीला पैसे भरून टाकले असतील तर त्याच्याजवळ आज नसतील. निम्मे आता आणि निम्म्याचा माल, अशी तडजोड करायला हरकत नाही. पण मग "रु. १०,०००/- आगाऊ जमा, माल रोखीच्या भावाने" असे दुकानाच्या पावतीवर लिहून घ्या. भाव लिहिला नाही तर तुमच्याच पैशावर तुम्हाला उधारीचा भाव लागतो.

पंधरा दिवस उलटले आणि काहीच हालचाल नाही, तर पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडे धावू नका. बियाणे, खते, औषधांचा दर्जा आणि छापील किमतीपेक्षा जास्त भाव हे त्यांचे काम, खात्याच्या हिशोबाचे नाही. पोलीस ठाण्यातही दिवाणी बाब म्हणून परत पाठवतील. या रकमेला मला सगळ्यात सोयीचा वाटतो तो तालुक्याच्या न्यायालयातला रस्ता: तिथे तालुका विधी सेवा समिती असते. तिच्याकडे दाखलपूर्व प्रकरण म्हणून साधा अर्ज करा, हीच कागदपत्रे जोडा. कोर्ट फी लागत नाही. समिती दुकानदाराला नोटीस काढते आणि प्रकरण लोकअदालतीत ठेवते. तिथे तडजोड झाली तर तो निवाडा न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा लागू होतो आणि त्यावर अपील नसते. मर्यादा एवढीच की दोघांची संमती लागते. दुकानदार आलाच नाही किंवा नाही म्हणाला तर तिथे निकाल होत नाही.

मग राहतो दावा, किंवा ग्राहक आयोग. चुकून दिलेले पैसे घेणाऱ्याने परत केले पाहिजेत, असे भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम ७२ मध्ये स्पष्ट आहे. वकिलाकडून नोटीस गेली तर तिच्यात हे कलम असेलच. दाव्याची मुदत तीन वर्षे. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जावे लागते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून बघा, फुकट आहे.

पैसे परत येताना शक्यतो बँकेतूनच घ्या. दुकानदाराच्या नावाने कोणी फोन करून "क्यूआर पाठवतो, स्कॅन करून पिन टाका, पैसे येतील" म्हणाला तर फोन ठेवा. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. रोखच देतो म्हणाला तर घ्या, पण पावतीशिवाय तोही देणार नाही. पाच हजारांवरच्या पावतीला एक रुपयाचे रसीद तिकीट लावून त्यावर सही करायची. पावतीवर "जादा जमा रु. २०,०००/- परत मिळाले" एवढेच लिहा, "आता काहीही येणे नाही" असे लिहू नका, नाहीतर डब्यांचे १,४०० तिथेच संपतील.

शेवटी त्याच दिवशी नवा खातेउतारा मागून घ्या. ४ जानेवारीपर्यंत रोखीच्या ५ हजारांसह ५६ हजार जमा, परताव्याच्या तारखेला २० हजार नावे आणि खाली बाकी शून्य, असे त्यात दिसले पाहिजे. मृगाला पहिली गोणी उचलताना तो उतारा खिशात असू द्या.